नऊ लाख गेले, विमा किती देणार?

दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. औषधांच्या एका घाऊक दुकानातला वसुली कारकून डेंग्यूने दवाखान्यात पडला, म्हणून मालकाचा मुलगा स्वतः पैसे गोळा करायला निघाला. टॅलीत एका मेडिकलवाल्याकडे 26,400 रुपये येणे दिसत होते. दुकानदार म्हणाला, “अहो, धनत्रयोदशीच्या आधीच दिले की. ही बघा पावती.” पावती दुकानाचीच होती, सहीही कारकुनाची होती. पुढच्या दुकानात तेच घडले, तिसऱ्या दुकानातही तेच. संध्याकाळी मुलगा परतला तेव्हा त्याच्या पिशवीत पैसे थोडे होते आणि पावत्यांचे फोटो मात्र बरेच जमले होते.

हा प्रसंग आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत. पण लेखापरीक्षक, विमा सर्व्हेअर आणि पोलीस ठाण्यातले तपासनीस अशा प्रकरणांत जी चाल, जी कलमे आणि जी वजाबाकी रोज बघतात, तीच यात आहे. नोकराने रोकड पळवली, हे कळायला वर्ष उलटले, आणि विमा असूनही निम्मेच पैसे परत येणार असे दिसले, तर ते निम्मे कसे ठरतात? वह्यांत काय लिहायचे? कर कोणत्या वर्षात मागायचा? पैसे गेल्याचे दुःख असतानाच मालकाला हे प्रश्न सोडवावे लागतात.

आधी चोरी कशी झाली ते पाहू. तिजोरी फोडलेली नाही, सही खोटी केलेली नाही, बिलेही सगळी खरी आहेत. कारकुनाने सोमवारी पहिल्या दुकानातून 12,000 रुपये घेतले, पावती दिली आणि पैसे खिशात टाकले. त्या दुकानदाराच्या खात्यावर रक्कम जमा झाली नाही तर तो थकबाकीदार दिसणार आणि मालक फोन करणार. म्हणून गुरुवारी दुसऱ्या दुकानातून आलेल्या 15,000 रुपयांपैकी 12,000 त्याने पहिल्याच्या नावे जमा दाखवले आणि दुसऱ्याच्या नावे फक्त 3,000. आता भोक दुसऱ्या खात्यात गेले. ते बुजवायला तिसऱ्या दुकानाचे पैसे आले. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालत हे असे महिनोन्महिने चालू शकते, कारण कोणाचेच येणे फार जुने होत नाही. उधारीची यादी काढली तर सगळी नावे आठ-दहा दिवसांची दिसतात, आणि औषधांच्या धंद्यात आठ-दहा दिवसांची उधारी म्हणजे चोख गिऱ्हाईक.

या चालीला रोज हात लावावा लागतो. एक दिवस जरी दुसऱ्या कोणी वसुली केली किंवा नोंदी केल्या, तरी साखळी तुटते. म्हणून असा माणूस रजा घेत नाही, तापातही कामावर येतो, आणि मालक त्याला कष्टाळू समजतो. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या डिक्सन या छोट्या शहरात रीटा क्रंडवेल या नगरपालिकेच्या हिशोब अधिकाऱ्याने 1990 पासून सुमारे 5 कोटी 37 लाख डॉलर लंपास केले. तिची चाल वेगळी होती. तिने नगरपालिकेच्या नावासारखे दिसणारे एक गुप्त बँक खाते उघडले होते. पण 2011 मध्ये ती लांबच्या रजेवर असताना तिच्या जागी काम बघणाऱ्या लिपिक महिलेने बँकेकडून सगळ्या खात्यांची विवरणे मागवली, तेव्हाच ते खाते उजेडात आले. तिला 2013 मध्ये 19 वर्षे 7 महिन्यांची शिक्षा झाली. ती रजेवर गेली नसती तर अजून किती काळ गेला असता, कोण सांगणार.

इतका उशीर हा काही अपवाद नाही. नोकरीतल्या अपहारांचा अभ्यास करणाऱ्या एसीएफई या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2024 च्या अहवालात, अपहार सुरू झाल्यापासून उघड होईपर्यंतचा मध्यक काळ 12 महिने निघाला. 43 टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या खबरीमुळे उघड झाली. विम्याच्या बाबतीत हा बारा महिन्यांचा उशीर फार महाग पडतो. तो कसा, हे आपल्या दुकानाच्या हिशोबातून उलगडेल.

पहिले काम म्हणजे आकडा काढणे. मालकाने त्या रात्री कारकुनाला फोन केला नाही. त्याने पावती पुस्तकांच्या सगळ्या कार्बन प्रती, बँकेच्या भरणा स्लिपा आणि टॅलीचा बॅकअप आपल्या ताब्यात घेतला आणि सकाळी सीएंना बोलावले. सीएंनी एक साधा तक्ता मांडला. प्रत्येक पावतीपुढे तीन तारखा आल्या: दुकानदाराने पैसे दिल्याची, खात्यावर जमा दाखवल्याची आणि बँकेत भरल्याची. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला तिन्ही तारखा एकच होत्या. मग दुसरी तारीख एक दिवसाने मागे पडू लागली, मग तीन दिवसांनी. नोव्हेंबर 2024 मध्ये ती अकरा दिवस मागे होती. यूपीआयने आलेले पैसे मात्र त्याच दिवशी जमा होत होते. दोन्हींतला हा फरकच साक्षीदार ठरला.

दुकानाची रोख वसुली महिन्याला साधारण 22 लाखांची होती, म्हणजे दिवसाला 73 हजार. अकरा दिवसांचा उशीर म्हणजे आठ लाखांचे भोक. सगळ्या दुकानदारांकडून लेखी शिल्लक मागवल्यावर नेमका आकडा 8,00,000 निघाला. या ताळमेळाला मोठे महत्त्व आहे, कारण दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की सर्व्हेअरचा विश्वास बसतो.

याशिवाय ऑफिसच्या लोखंडी पेटीत टॅलीप्रमाणे 1,62,000 रुपये हवे होते, मोजले तर 22,000 निघाले. ही 1,40,000 ची तूट वेगळी. सगळे मिळून 9,40,000.

दुकानदारांकडे पुन्हा पैसे मागता येत नाहीत, हे इथेच सांगायला हवे. दुकानाच्या अधिकृत माणसाने दुकानाच्या पावतीवर पैसे घेतले, म्हणजे ते दुकानालाच मिळाले. त्यानंतर ते कुठे गेले हा मालकाचा आणि नोकराचा प्रश्न. तीच गोष्ट जीएसटीची. औषधे विकली गेली, बिले झाली, त्यामुळे त्यावरचा कर देणे आहेच. विक्रीचे पैसे नंतर वाटेत चोरीला गेले म्हणून तो माफ होत नाही.

आता विमा. बऱ्याच दुकानदारांचा समज असतो की ‘दुकानाचा विमा’ आहे म्हणजे सगळे आले. घरफोडीची पॉलिसी आपल्याच माणसाने केलेल्या चोरीला सहसा लागू होत नाही. रोकड ने-आण करण्याची मनी पॉलिसी असते. तिच्यात नोकराचा अप्रामाणिकपणा बहुधा वगळलेला असतो, किंवा मोजक्या तासांत अथवा दिवसांत लक्षात आला तरच धरला जातो. महिन्यांनी उघड झालेल्या अपहारासाठी लागते ती फिडेलिटी गॅरंटी पॉलिसी, म्हणजे नोकराच्या इमानदारीचा विमा. ती एका नावावर घेता येते, नावांच्या यादीवर घेता येते, किंवा ‘रोखपाल’, ‘वसुली कारकून’ अशा पदांवर घेता येते. आपल्या दुकानदाराने बँकेच्या कर्जासोबत 1 जानेवारी 2024 पासून ती घेतली होती. मर्यादा दर कर्मचाऱ्यामागे 5 लाख, आणि मंजूर दाव्याच्या 10 टक्के रक्कम मालकाने स्वतः सोसायची.

पॉलिसीचे कागद मालकाने पहिल्यांदा नीट वाचले ते त्या आठवड्यात. साडेनऊ लाखांचा आकडा कसा झिजत जातो, ते त्याला एकेका कलमातून कळत गेले.

पहिली कात्री तारखेची. पॉलिसी फक्त तिच्या काळात केलेल्या कृत्याचे नुकसान भरते. ऑक्टोबर ते डिसेंबर 2023 या तीन महिन्यांत भोक 1,10,000 पर्यंत गेले होते. ते पॉलिसीआधीचे, म्हणून बाहेर. इथे टोपीफेरीचा एक घोळ होतो. आज ज्या खात्यांत भोक दिसते ती सगळी नोव्हेंबर 2024 ची आहेत. वरवर पाहता सगळी चोरी पॉलिसीच्या काळातली वाटते. पण सर्व्हेअर भोक कोणत्या खात्यात आहे ते बघत नाही, ते कोणत्या महिन्यात किती वाढले ते बघतो. सीएंच्या तीन तारखांच्या तक्त्यावरून ती वाढ महिन्यागणिक काढता आली. हा तक्ता नसता तर सर्व्हेअरने स्वतःच्या अंदाजाने वाटणी केली असती, आणि तो अंदाज मालकाच्या बाजूने असण्याचे काही कारण नव्हते.

दुसरी कात्री माणसाची. लोखंडी पेटीच्या किल्ल्या तिघांकडे होत्या. 1,40,000 त्याच कारकुनाने नेले असा संशय आहे, पुरावा नाही. बहुतेक पॉलिसींना नुकसान कोणत्या कर्मचाऱ्याने आणि कोणत्या कृत्याने केले हे दाखवावे लागते. नुसती ‘मोजताना कमी भरले’ ही तूट चालत नाही. म्हणून तीही बाहेर. उरले 6,90,000.

तिसरी कात्री देण्याची. कारकुनाचा थकलेला पगार, रजेचे पैसे असे 38,000 रुपये मालकाकडे होते. नोकराचे मालकाकडे जे काही देणे असेल ते नुकसानीतून आधी वजा करावे, अशी अट पॉलिसीत असते. पगारातून नुकसान कापायलाही कायद्याची रीत आहे. नोकराला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. भविष्य निर्वाह निधीला तर हात लावताच येत नाही, तो कायद्याने सुरक्षित आहे. वजाबाकीनंतर उरले 6,52,000.

चौथी कात्री मर्यादेची. पॉलिसी 5 लाखांची, त्यामुळे वरचे 1,52,000 गेले. आणि पाचवी स्वतः सोसायच्या दहा टक्क्यांची. पाच लाखांतून 50,000 वजा. हातात येऊ शकतील 4,50,000.

एवढ्यावर थांबले असते तरी बरे होते. सर्व्हेअरने दुसऱ्या भेटीत सहज विचारल्यासारखे विचारले, “या माणसाबद्दल याआधी कधी काही शंका आली होती का?” मालक सरळ माणूस. तो म्हणाला, “जुलैत एकदा सहा हजार कमी भरले होते. त्याने संध्याकाळी आणून दिले. मी सोडून दिले.”

या एका वाक्याची किंमत दोन लाखांहून जास्त ठरू शकत होती. अशा पॉलिसींत जवळजवळ नेहमी एक अट असते: नोकराचा अप्रामाणिकपणा मालकाला कळल्यापासून पुढे त्या नोकराच्या बाबतीत विमा लागू राहत नाही. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. चोर आहे हे माहीत असून त्याच्या हाती पुन्हा पिशवी देणाऱ्याचा भार विमा कंपनी का उचलेल? जुलैचे ते सहा हजार चोरी होती की बेरजेची चूक, यावर सगळे येऊन ठेपले. जुलैपर्यंत पॉलिसीच्या काळातले नुकसान 2,70,000 होते आणि त्यानंतरचे 4,20,000. भोक मोठे होत गेले की हात सैल होतो, तसे शेवटच्या चार महिन्यांत झाले होते. जुलैत मालकाला कळले होते असे कंपनीने धरले, तर 2,70,000 वजा 38,000 म्हणजे 2,32,000, त्यातून दहा टक्के गेले की 2,08,800. म्हणजे दावा एकच, पण उत्तर दोन लाख आणि साडेचार लाख यांच्या मध्ये कुठेही.

‘विम्याचे पैसे अर्धवट मिळतील’ असे लोक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात एक ठरलेला आकडा असतो. खरे तर तो आकडा कंपनीचे लेखी पत्र येईपर्यंत अस्तित्वातच नसतो. पुढचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

मार्च 2025 उजाडला. वर्षअखेर आली आणि मालकाने सीएंना विचारले, “विम्याचे साडेचार लाख येणे म्हणून दाखवू या ना? म्हणजे तोटा निम्मा दिसेल, बँकेला बरे वाटेल.” सीएंनी नकार दिला. चोरी आणि विमा या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि दोन्हींना लागणारा पुरावाही वेगळा. पैसे गेले हे नक्की आहे, म्हणून दुकानदारांच्या खात्यांतली 8 लाखांची खोटी उधारी आणि पेटीतली 1,40,000 ची तूट वह्यांतून काढायचीच. कापलेले 38,000 वजा जाता तोटा 9,02,000. दावा मात्र कंपनी तपासते आहे, तिने एकही रक्कम मान्य केलेली नाही. त्यामुळे तो ताळेबंदात मालमत्ता म्हणून येणार नाही. टिपेत लिहायचे की दावा केला आहे, निर्णय बाकी आहे. ताळेबंदावर सही होण्याआधी कंपनीचे मंजुरीपत्र आले असते, तर त्या पत्राचे काय करायचे हे पुन्हा तपासले असते. नुसता दलालाचा फोन, “साहेब, होऊन जाईल,” यावर काही लिहिता येत नाही.

यातला दुसरा पेच मागच्या वर्षाचा. ऑक्टोबर 2023 ते मार्च 2024 या काळात 2 लाखांची चोरी झाली होती, आणि 2023-24 चे हिशोब तर सप्टेंबरमध्येच सह्या होऊन गेले होते. त्या ताळेबंदात येणी 2 लाखांनी फुगलेली होती. ते कागद फाडून पुन्हा करायचे नाहीत. भारतीय हिशोब मानकांनुसार, आपल्या दुकानासारख्या व्यवसायात, अशी मागच्या काळातली चूक चालू वर्षाच्या नफा-तोट्यातच, पण वेगळ्या ओळीत, ‘मागील कालावधीची बाब’ म्हणून दाखवतात. वाचणाऱ्याला कळले पाहिजे की 2024-25 चा धंदा वाईट झाला नाही, जुने दुखणे या वर्षी बाहेर आले.

आयकराचे काय, याचे उत्तर एका जुन्या मुंबईच्या प्रकरणात आहे. बन्सीलाल अबीरचंद कस्तूरचंद ही सावकारी, शेअर आणि सोन्याचांदीचा व्यवहार करणारी पेढी होती. मालक बद्रीदास डागा बिकानेरला राहत आणि मुंबईची पेढी मुखत्यारपत्र दिलेला एक मुनीम सांभाळी. नोव्हेंबर 1944 मध्ये अवघ्या आठ दिवसांत त्याने पेढीच्या बँक खात्यातून 2,30,636 रुपये काढले आणि आपली सट्ट्यातली देणी फेडली. दावा करून जेमतेम 28 हजारांच्या आसपास परत आले. उरलेले सुमारे 2,02,442 रुपये पेढीने बुडीत धरले आणि करातून वजावट मागितली. आयकर खात्याने नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल लागला एप्रिल 1958 मध्ये. न्यायालयाने म्हटले की धंदा चालवायचा तर माणसे नेमावी लागतात, त्यांच्या हाती पैसे द्यावे लागतात, आणि त्यांच्यातल्या एखाद्याने अपहार केला तर ते नुकसान धंद्याच्या ओघातच आले. म्हणून नफा काढताना ते वजा होते.

पण कोणत्या वर्षात वजा करायचे? पुढच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेही सांगितले की पैसे परत मिळण्याची वाजवी आशा असेपर्यंत व्यापारी अर्थाने नुकसान झाले असे म्हणता येत नाही. तर प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर 1965 च्या परिपत्रकात, कर्मचाऱ्याच्या अपहाराचे नुकसान ज्या वर्षी उघड होते त्या वर्षी मान्य करावे, असे आपल्या अधिकाऱ्यांना कळवले. आपल्या दुकानाच्या सीएंनी परिपत्रकाचा आधार घेऊन 2024-25 मध्ये नुकसान मागितले, आणि विम्यातून पुढे जे मिळेल ते मिळण्याच्या वर्षी उत्पन्न म्हणून दाखवू असे ठरवले. त्यांनी मालकाला हेही सांगून ठेवले की विम्याकडे मागितलेल्या रकमेपुरती आशा अजून जिवंत आहे, असा मुद्दा अधिकारी काढू शकतो. त्यासाठी फिर्याद, दाव्याचा अर्ज आणि पत्रव्यवहाराची फाईल तारखेनुसार लावलेली हवी.

फिर्यादीचा विषय मालकाला सगळ्यांत जड गेला. कारकून गावातलाच, त्याच्या लग्नाला सगळे गेलेले. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याचे वडील आणि मामा आले. “दीड लाख आत्ता देतो, शेत विकून बाकीचे देऊ, पण केस करू नका,” असे म्हणाले. मालकाचा जीव कळवळला. पण तडजोड करून फिर्याद सोडली तर विमा कंपनीचा दावा फेटाळण्याचा हक्क पक्का होतो. पैसे भरल्यावर मालकाच्या जागी उभे राहून नोकराकडून वसूल करण्याचा हक्क कंपनीला मिळतो. मालकाने तो आधीच सोडून दिला, तर कंपनी म्हणते, माझे नुकसान तुम्ही केले. म्हणून घरच्यांकडून काही घ्यायचे तर आधी कंपनीला कळवून, तिच्या लेखी संमतीने, आणि पोचपावती देऊन. बहुतेक पॉलिसी पोलिसांत तक्रार आणि खटल्यात मदत यांची अटही घालतात.

या प्रकरणात फिर्यादीत दोन कायदे आले. 30 जून 2024 पर्यंतच्या कृत्यांना जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 408, आणि 1 जुलैपासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम 316 चे चौथे पोटकलम. दोन्हींत नोकराने केलेल्या विश्वासघाताला सात वर्षांपर्यंत कैद आहे. तीन तारखांचा तक्ता पोलिसांच्याही कामी आला, कारण त्यांनाही हेच हवे होते: कधी, किती, कोणाच्या पावतीवर.

उशिराबद्दल आणखी एक अट सांगायला हवी, कारण ती कळते तेव्हा वेळ गेलेली असते. कृत्य पॉलिसीच्या काळातले असून भागत नाही, ते उघडही ठरलेल्या मुदतीत व्हावे लागते. साधारणपणे पॉलिसी संपल्यावर किंवा तो नोकर काम सोडून गेल्यावर 12 महिन्यांच्या आत, यांतले जे आधी येईल ते. कारकून आजारी न पडता जानेवारीत नोकरी सोडून गेला असता आणि जागेवर आलेल्या नव्या माणसाने हा घोळ दीड वर्षाने पकडला असता, तर त्याच नऊ लाखांवर विम्यातून एक रुपयाही आला नसता. पॉलिसी दरवर्षी नूतनीकरण केली म्हणून वर्षागणिक मर्यादांची बेरीजही होत नाही. चोरी तीन वर्षे चालली तरी पाच लाख ते पाच लाखच.

कंपनीचे उत्तर पुढच्या आर्थिक वर्षात आले. जुलैच्या सहा हजारांचा निकाल एका रोजमेळाच्या पानाने लावला. त्या दिवशी बसलेल्या अकाउंटंट बाईंनी समासात लिहिले होते: “पावती क्र. 4 ची बेरीज चुकली, 6,000 सायंकाळी जमा.” खाली मालकाची सही होती. पावती पुस्तकात तो आकडा खरोखर गिचमिड लिहिलेला होता. सर्व्हेअरने ती प्रत जोडली आणि मालकाला त्या दिवशी चोरी कळली नव्हती असा अभिप्राय दिला. 4,50,000 मंजूर झाले. ते 2025-26 च्या उत्पन्नात गेले. दुकानाच्या पदरी निव्वळ तोटा राहिला 4,52,000 चा. उत्तर उलट आले असते, तर तो 6,93,200 असता. त्या वेळी सूक्ष्म उद्योग म्हणून विमा लोकपालाकडे जाण्याची वाट होती. तिथे 50 लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात, वकील लागत नाही, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते.

दुकानात आता वसुली एकाकडे आणि जमा नोंदी दुसऱ्याकडे आहेत. महिन्याच्या पाच तारखेला सगळ्या मेडिकलवाल्यांना त्यांच्या खात्याची शिल्लक मोबाईलवर जाते, आणि चूक असेल तर मालकाच्या नंबरवर सांगा असे त्यात लिहिलेले असते. नव्या पॉलिसीची मर्यादा ठरवताना मालकाने दलालाला आकडा विचारला नाही. दिवसाची रोख वसुली 73 हजार आणि शिल्लक कळवण्याचा महिनाभराचा फेरा. महिन्याच्या आतच लफडे कळेल असे धरले, तरी आठ-दहा दिवसांचे भोक पडू शकते. म्हणून त्याने दर कर्मचाऱ्यामागे दहा लाखांचा विमा घेतला, आणि नव्या वसुली कारकुनाला मे महिन्यात दहा दिवस सक्तीची रजा लिहून दिली. त्या दहा दिवसांत पावती पुस्तक घेऊन गावभर फिरायला पुन्हा त्याचा मुलगाच जातो.